लिंबाच्या लोणच्याची महिनेवारी

अहुवा वाकरूळकर ठाण्याच्या. लग्नानंतर इस्राएलला आल्या आणि अश्केलोनमध्ये भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यात लागल्या. कारखाना बंद पडला, तेव्हा घरी न बसता त्यांनी औद्योगिक वस्तीत एक छोटी शेड भाड्याने घेतली आणि लोणची घालायला सुरुवात केली. माल ज्यू आहारनियमांत बसतो असा कोशेरचा दाखला मिळवला, हाताखाली दोन बायका घेतल्या. आमच्या ओळखीची बेने इस्राएल, म्हणजे आमच्यासारख्या कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंची, घरं आणि आसपासची चार दुकानं, एवढंच त्यांचं गिऱ्हाईक.

मग हैफाचा येहुदा आला. उत्तरेतल्या किराणा दुकानांना माल पुरवणारा वितरक, आईवडील बगदादचे ज्यू, तिथे भारतातून गेलेलं आंब्याचं लोणचं घरोघरी, त्यामुळे त्यावरच वाढलेला. अहुवाबाईंचं लिंबाचं लोणचं त्याने कुणाच्या तरी जेवणात चाखलं आणि एकदम टेम्पोभर ऑर्डर दिली, लिंबू आणि भरली मिरची. ती डिसेंबरातल्या हनुकाच्या सणाआधी पोहोचली. एकही बरणी फुटली नाही, पैसेही ठरल्या दिवशी आले.

आता आभार मानायचे होते. त्यांची मुलगी निली बँकेत कामाला होती. आई मराठीत बोलली की ती हिब्रूत उत्तर द्यायची.

"फॅक्स पाठवते," ती म्हणाली. "दोन ओळी, छान शब्दांत."

"पाठव. पण खाली लिही, पुढच्या ऑर्डरचं ठरवायला मी हैफाला येते."

"आई, आभाराच्या पत्रात धंदा? हावरट दिसेल."

"अगं, नुसते आभार मानले तर तो समजेल बाई खूश आहे, आता थांबली. त्याची बरणी संपेल तेव्हा तो फोन करील, आणि माझ्याकडे मुरलेलं लोणचं नसेल. मग दुकानातल्या त्या फळीवर दुसरा कुणीतरी येऊन बसेल."

निलीने फॅक्स आई म्हणाली तसाच लिहिला.

येहुदाचं गोदाम बंदराजवळ होतं. अहुवाबाई बसने गेल्या. त्याने कॉफी मागवली.

"तुम्ही पहिल्यांदाच एवढा माल उचललात, आमच्यावर विश्वास ठेवलात," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल आभार मानायला आले. आणि विचारायलाही. काय खपलं?"

"लिंबू संपत आलंय. मिरची तशीच आहे. फार तिखट, म्हणतात."

"मग मिरची आता नको. लिंबूच घ्या, पण दर महिन्याला."

येहुदा हसला. "गिव्हेरेत, अहो बाई, मी कुणाशी बांधून घेत नाही. संपलं की फोन करीन."

"फोन केलात त्या दिवशी मी लिंबं चिरायला घेईन. मीठ लावल्यावर साल मऊ पडायलाच वेळ लागतो, मग मसाला, मग मुरणं. महिना जातो. तोवर तुमच्या दुकानदाराने काय विकायचं?"

मग त्याने खरी अडचण सांगितली. दर महिन्याला माल येत राहिला आणि खप मंदावला, तर गोदाम त्याचं भरणार.

अहुवाबाईंनी याचा विचार बसमध्येच केला होता. "महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही पुढच्या महिन्याचा आकडा कळवा. आज एक नेहमीचा आकडा ठरवू, त्यापेक्षा थोडा कमी, थोडा जास्त, चालेल. मी त्याप्रमाणे लिंबं घेईन. काहीच कळवलं नाहीत, तर नेहमीचा आकडा धरीन. आणि पेसाखच्या सणाच्या महिन्यात माल नाही. आमच्या मसाल्यात मोहरी, मेथी असते, पेसाखात ती बऱ्याच जणांना चालत नाही. त्या आठवड्यात तुमची निम्मी दुकानं ती फळी झाकूनच ठेवतात."

"हे तुम्ही आधीच धरलंय?"

"न खपणारा माल तुमच्या गळ्यात घालून मला काय मिळणार? पुढच्या खेपेला तुम्ही दारातही उभं करणार नाही."

येहुदाने कॅलेंडर ओढलं. अहुवाबाईंनी सुचवलेला नेहमीचा आकडा त्याला जास्त वाटला. त्याने कमी सांगितला. अहुवाबाईंनी तो मान्य केला, पण पुढे चालू राहिलं तर शरदातल्या रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आधी दुप्पट घ्यायचं कबूल करून घेतलं. उन्हाळ्यापर्यंत असं करून पाहायचं, मग दोघांनी पुन्हा बसायचं, एवढं ठरलं.

"बेसेदेर, ठीक आहे," तो म्हणाला. "पण मिरचीचं काय करू?"

"परत पाठवा, बदली लिंबू देते. सील फोडलेल्या बरण्या नाही हं."

पहिल्या दोन महिन्यांत ठरल्या रविवारी त्याने काहीच कळवलं नाही. निली म्हणाली, विसरला. अहुवाबाईंनी ठरल्याप्रमाणे नेहमीचाच माल पाठवला आणि तो खपला. तिसऱ्या महिन्याच्या रविवारी फॅक्स आला. पेसाखचा महिना सोडून पुढच्या महिन्याला दीडपट हवा होता.

उन्हाळ्यात येहुदा स्वतः अश्केलोनला आला, शेड बघितली, जेवून गेला. करार वर्षाचा झाला. अहुवाबाईंनी आणखी एक बाई कामाला घेतली आणि शेजारचा गाळा विचारून ठेवला.

मी मागे एकदा त्यांना विचारलं होतं, हैफाला जाताना भीती नाही वाटली?

"कसली भीती?" त्या म्हणाल्या. "लोणचं चांगलं होतं. ते वेळेवर मागवायला त्याला सांगायचं राहिलं होतं, इतकंच."