बोर्डासमोर चालताना

गुडीहत्नूरजवळ मागून आलेल्या ट्रकनं माझी स्कूटी उडवली, तेव्हा मी शाळेतून इचोड्याला घरी निघाले होते. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली. आधी नुसता पलंग, मग वॉकर, मग कुबड्या, शेवटी काठी. अर्जित रजा संपली तशी अर्धवेतनी रजा सुरू झाली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं, रजा वाढवायची, असं चाललं होतं. मग ऑफिसातून कळलं, आता रजा वाढवायची तर मेडिकल बोर्डासमोर जावं लागेल.

आदल्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, नीट चालून दाखवा. तुमच्या वर्गाले मास्तरच नाही. पोरं वाट पाहून राह्यले."

फोन ठेवला तर नवरा म्हणाला, "लय ताठ नको चालू. फिट म्हणले तं लगेच जिने चढा लागतीन."

दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. मला मात्र शाळेत जायचं होतं आणि जायची भीतीही वाटत होती. ठरवलं, जसं येतं तसं चालायचं.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "काठी ठेवून नडवंडी," ते तेलुगूत म्हणाले. म्हणजे काठी ठेवून चाला.

मी पाऊल उचललं आणि मला काही सुचेना. माझं रोजचं चालणं कसं होतं? किती लंगडत होते मी? भिंतीपर्यंत गेले, वळले. टेबलाशी बसलेल्या डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या, "चोट कौन से पैर में है?"

मी खाली पाहिलं. मोडलेला पाय डावा होता आणि मी उजव्यावर लंगडत होते.

आता हे मला ढोंगी समजणार. पण हाडांच्या डॉक्टरांनी फक्त गुडघा वाकवून पाहिला, उकिडवं बसायला लावलं. अर्ध्यात मी टेबल धरलं. त्यांनी काहीतरी लिहिलं.

"सर, मी फिट आहे की नाही?"

"रिपोर्ट तुमच्या ऑफिसला जाईल."

बाहेर नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणले?"

"कायीच नाही."

पुढचे काही आठवडे मी आजारी होते की बरी, मलाच ठाऊक नव्हतं. कधी साडी नेसून अंगणात फेऱ्या मारायची, कधी दिवसभर पडून राहायची. मग आदेश आला: हाड पुरतं जुळलेलं नाही, सध्या कामास अयोग्य, रजा वाढवून पुन्हा तपासणी. म्हणजे मी ढोंग केलं नव्हतं! वाचून रडले, पण सुटका झाली म्हणून की शाळा लांबली म्हणून, ते सांगता आलं नाही.

दुसऱ्या तपासणीत बोर्डानं योग्य ठरवलं. मी रुजू झाले तेव्हा मुख्याध्यापकांनी माझा वर्ग वरून खाली आणला होता. आत गेले. पोरं उभी राहिली. मी खुर्चीजवळ तशीच थांबले. बसून शिकवावं की उभं राहून, काही केल्या ठरेना.