नाडाछडी

आमच्या गिरणीत सलामती सप्ताहाचं उद्घाटन झालं, त्या सकाळी दादाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो हार आईने देवघराच्या खुंटीला टांगून ठेवला होता. पुढे त्याची फुलं वाळून गळून गेली तरी ती दोरा काढू देईना. मला अजून राग येतो तो त्या हाराचाच. तो घालणाऱ्या साहेबाचा येत नाही. साहेब भला माणूस होता, आणि भल्या माणसावर रागावता येत नाही ही आणखी एक पंचाईत.

आम्ही बडोद्याच्या रावपुऱ्यामागच्या गल्लीतले. वडील महाराजांच्या पागेत होते, त्यांचे वडीलही. आमच्या पिढीला ना घोडा राहिला ना पागा, म्हणून आम्ही दोघे भाऊ गिरणीत लागलो. लावलं आमच्याच गल्लीतल्या मुकादमाने. कापूस पिंजून त्याचे पेळू करणारी यंत्रं जिथे असतात, त्या कार्डिंग खात्याचा तो मुकादम. खात्यात कोणाला घ्यायचं, कोणाला गैरहजर माणसाच्या बदलीवर ठेवायचं, कोणाला फाटकावरूनच परत पाठवायचं, हे सगळं त्याच्या हातात. साहेबाला आम्ही लांबून नमस्कार करायचो, मुकादमाला वाकून.

दादा यंत्रांच्या तारांना धार लावायचा. मी त्या तारा साफ करायचो. कार्डिंगच्या यंत्रात एक मोठं सिलिंडर असतं, त्याच्या अंगावर बारीक तारांचं दाट कातडं. त्यात कापसाची घाण अडकते, ती अधूनमधून काढावी लागते. आधी पट्टा रिकाम्या चाकावर सरकवायचा, सिलिंडर थांबू द्यायचं, मग दार उघडून ब्रशचा रूळ बसवायचा. सोपं आहे, फक्त सिलिंडर लवकर थांबत नाही. पट्टा काढला तरी ते आपल्या वजनाने किती तरी वेळ फिरत राहतं, आणि वेगाने फिरताना ते अगदी स्थिर दिसतं. बाकीची यंत्रं चालू असल्याने कानालाही कळत नाही. म्हणून दाराला एक अडणा असतो. सिलिंडर फिरतंय तोवर तो दार उघडू देत नाही.

तो अडणा कोणालाच आवडायचा नाही, मलासुद्धा. यंत्र उभं राहिलं की माल कमी निघतो, माल कमी निघाला की मुकादम आईबहिणीवरून सुरू करतो.

आता दसऱ्याचं सांगतो. बडोद्यात दसरा म्हणजे सवारी, हत्ती, तोफा. पण सवारी बघायला जायच्या आधी गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. आमच्या आजोबांनी तलवारीची केली तशी आम्ही यंत्राची करायचो, त्याच डौलात. हळदकुंकू, नारळ, झेंडूचं तोरण, आणि प्रत्येक यंत्राला लाल-पिवळी नाडाछडी. तो पूजेचा दोरा आपण होऊन तुटेपर्यंत कोणी काढायचा नाही, असा रिवाज. त्या वर्षी माझ्या यंत्राची नाडाछडी मुकादमाने स्वतः बांधली. बांधली ती अडण्याला, चांगली मागे ओढून, चार वेढे देऊन. अडणा उघडाच राहिला. मी बघितलं, दादाने बघितलं, सगळ्या खात्याने बघितलं. मुकादमाने हात जोडले आणि आम्हीही जोडले. दोरा पूजेचा, तो कोण कापणार? माणूस लबाडी करतो ती करतो, त्यात देवाला साक्षीला बसवतो.

थंडीत सलामती सप्ताह आला. असलं काही आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आवारात मांडव घातला, पताका लावल्या, आणि सगळ्या खात्यांना खाली सतरंजीवर बसवलं. साहेब नवाच होता, विलायतेत शिकून आलेला, गुजराती बोलायचा आणि मनापासून बोलायचा. तो म्हणाला, गिरणीत हात जातो, पाय जातो, तेव्हा आपण नशिबाला दोष देतो. पण धोका आधी कोणाला तरी दिसलेला असतो. ज्याला दिसला त्याने सांगितलं असतं तर तो हात वाचला असता. म्हणून सांगा. बीक राखू नका, घाबरू नका. जो सांगेल त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द आहे.

टाळ्या झाल्या. मुकादम पहिल्या रांगेत होता, त्याने सगळ्यात जोरात वाजवल्या.

मग साहेबाने विचारलं, "आत्ता, इथेच कोणाला काही सांगायचं आहे?"

असं विचारायचं नसतं. भाषण झालं की पेढे वाटायचे असतात. सगळे माना खाली घालून सतरंजीचे धागे उपटत बसले आणि माझ्या शेजारून दादा उठला. मी त्याचा सदरा धरला, तो त्याने सोडवून घेतला.

"साहेब, कार्डिंगमध्ये एका यंत्राचा अडणा बांधून ठेवलाय," तो म्हणाला. "चालू सिलिंडरवर दार उघडतं. माझा भाऊ आहे त्या यंत्रावर."

कोणी बांधला ते त्याने सांगितलं नाही. साहेबानेही विचारलं नाही. तो इतका खूश झाला की स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याने दादाच्या गळ्यात घातला. "असा माणूस पाहिजे!" म्हणाला. मग तसाच सगळ्यांना घेऊन खात्यात आला, खिशातला चाकू काढला आणि माझ्या यंत्रावरची नाडाछडी कचकन कापली. अडणा खटकन जागेवर बसला. साहेबाने मागे वळून हसून पाहिलं. त्याला वाटलं आम्ही टाळ्या वाजवू.

पूजेचा दोरा चाकूने कापलेला आमच्यातल्या कोणीच कधी पाहिला नव्हता. कोणी तरी "अरे राम" म्हणालं. मुकादमाने खाली पडलेले तुकडे उचलले, कपाळाला लावले आणि खिशात ठेवले. दादाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सप्ताह होता तोवर सगळं ठीक होतं. नंतर कापूस फोडायच्या खात्यात एक छोटी आग लागली, पाण्याच्या बादल्यांनी विझली. असल्या आगी तिथे नेहमीच्याच, कापसात एखादा खडा आला की ठिणगी पडते. पण या वेळी लोक म्हणाले, दोरा कापल्याचं फळ. कोणाच्या बायकोला ताप आला, तेही दादाच्याच माथी. ज्या माणसांच्या पानाच्या डबीत दादाची बोटं रोज असायची, ती त्याला बघून डबी मिटायला लागली. आणि एका सकाळी फाटकाशी मुकादम म्हणाला, "आज नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. मला आत सोडायचा, दादाला परत पाठवायचा. मोठ्याने बोलला नाही, शिवी दिली नाही. आत जाताना मला रोज मागे वळून बघायची भीती वाटायची.

दादा साहेबाकडे गेला. साहेबाने त्याला बसायला खुर्ची दिली. विचारपूस केली, हळहळला, आणि म्हणाला, "तुझ्या नोकरीला मी धक्का लावलेला नाही. पण रोज कोणाला आत घ्यायचं ते मुकादम बघतो. त्यात मी हात घातला तर त्याचा वचक राहील का? त्याच्याशी जरा जमवून घे." दादा हे सांगत होता तेव्हा आई हाराखाली बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पण खुर्ची दिली ना?" मला रडावं की हसावं ते कळेना.

उन्हाळ्यापर्यंत दादा मांडवीच्या बाजारात हमाली करत फिरला. तारांना धार लावणारे त्याचे हात पोती उचलून सोलवटले. मग आईनेच नारळ आणला, आणि दोघं मायलेक मुकादमाच्या घरी गेली.

मुकादम खरंच गोड बोलला. "अरे भाई, माझं तुझं काय वेर आहे? देवाचं आहे ने. ज्याने तोडवलं त्याने बांधावं, बस. मग उद्यापासून ये."

दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यासमोर दादाने माझ्या यंत्रावर नारळ फोडला आणि अडणा मागे ओढून नवी नाडाछडी बांधली. गाठ सैल बसली तेव्हा मुकादम प्रेमाने म्हणाला, "घट्ट बांध." दादाने घट्ट बांधली. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "तू थांबत जा हं. थांबून मगच उघडत जा."

मी थांबत होतो. थांबत होतो म्हणूनच मुकादम माझ्या मागे उभा राहायला लागला. "केम, झोपला का?" म्हणायचा. पावसाळ्यात एकदा माल मागे पडला होता, तो असाच पाठीशी उभा होता. सिलिंडर स्थिर दिसलं. मी दार उघडून हात घातला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातून दादा खात्यात परत गेला तोवर अडणा आपल्या जागी व्यवस्थित होता आणि नाडाछडीचा मागमूस नव्हता. ज्याला कोणी हात लावायचा नाही, तो पूजेचा दोरा मुकादमाने तासाभरात कापला होता. साहेब चौकशीला आला, अडणा हलवून बघितला, चांगला चालत होता. "मग दार उघडलं कसं?" मुकादम म्हणाला, जोर लावून उघडलं असेल, घाई केली. साहेबाने दादाला विचारलं, कारण दादावर त्याचा विश्वास होता. दादा आणि मुकादम शेजारी शेजारी उभे होते.

"घाई केली, साहेब," दादा म्हणाला.

साहेबाने मला काढलं नाही. फाटकाजवळ स्टुलावर बसायचं काम दिलं, ते मी अजून करतो आहे. आई गल्लीत ते अभिमानाने सांगायची.

पुढच्या थंडीत पुन्हा मांडव, पुन्हा पताका. साहेबाने मला वर बोलावलं. म्हणाला, "घाबरू नको, नुसता हात दाखव." मी दाखवला. साहेबाचा आवाज खरोखरच भरून आला. त्याने सांगितलं, घाईचं फळ असं असतं. आणि याच माणसाच्या भावाने गेल्या वर्षी इथेच उभं राहून निर्भयपणे धोका सांगितला होता, तसे सगळे वागले तर पुन्हा कोणाला असा हात दाखवावा लागणार नाही. मग त्याने विचारलं, "आत्ता, इथेच कोणाला काही सांगायचं आहे?"

दसरा होऊन गेला होता. माझ्या यंत्रावर आता दुसरा माणूस होता आणि त्या अडण्याला नाडाछडी बांधलेली होती. तो माणूस सतरंजीवर बसला होता, मला वरून नीट दिसत होता. दादाही दिसत होता. मुकादमाने त्याला शेजारी बसवून घेतलं होतं.

कोणी उठलं नाही. साहेबाने समाधानाने मान हलवली आणि टाळ्या सुरू झाल्या. दादाने वाजवल्या. मला वाजवता येत नव्हत्या, म्हणून मी हात वर धरून तसाच उभा राहिलो.