पौषात बांधलेली झापं

बाळांनो,

परवा तुम्ही फोनवर तुमचा कुत्रा दाखवलात. खिडकीबाहेर बर्फ, आणि त्याच्या अंगावर पोटाखाली बंद बांधलेला लाल कोट. "आजी, तुमच्याकडे असे कोट असतात का?" असं धाकटीनं विचारलं, आणि मी नुसती हसले. कुत्र्यांना नसतात. पण आपल्या गोठ्यात एकीला होता, आणि तो मी शिवला होता. फोनवर ती गोष्ट अर्धीच राहिली असती, म्हणून लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी मांडवीची, समुद्राकाठी वाढलेली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन लांज्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याच्या या गावी आले. तुमचे आजोबा आणि त्यांचे मोठे भाऊ मुंबईला नोकरीला. घरी माझे सासरे, म्हणजे आबा, माझी थोरली जाऊ आणि मी. जाऊबाईंना तुम्ही मोठी आजी म्हणता.

गोठ्यात एक म्हैस होती. ती जाऊबाईंच्या माहेरहून आलेली. त्यांच्या वडिलांनी घाटावरून आणवून लेकीला दिली होती. पण आमच्या गोठ्यात तिची दोन वेतं वाया गेली. दोन्ही पारडं थंडीत जन्मली, खोकू लागली आणि गेली. पारडू गेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. ती दिवसभर दाव्याला हिसके देत हंबरायची आणि कास भरलेली असून लाथ मारायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, या गोठ्याला पारडू लाभत नाही. त्यांचा रोख गोठ्याकडे नसून आपल्याकडे आहे, हे जाऊबाईंना कळत होतं.

तिसऱ्या खेपेला म्हैस गाभण राहिली तेव्हा आबांनी सांगून टाकलं, "हे पारडू गेलं तर म्हैस घाटावर परत. मला तिचं ते रडणं ऐकवत नाय." माहेरची म्हैस दावं धरून माघारी पाठवायची म्हणजे काय, हे मला जाऊबाईंच्या तोंडाकडे बघून समजलं.

म्हैस नेमकी पौषात व्यायली, आणि त्याच आठवड्यात अशी थंडी पडली की आबांनाही तशी आठवत नव्हती. गाव मात्र खूश होतं. आंब्याला मोहोर फुटतो तो थंडीनं, काजूलाही तीच लागते. जो तो सकाळी कानाला फडकं गुंडाळून, हात चोळत, झाडांकडे बघत हसत फिरत होता. पहाटे डोंगरावरून उतरणाऱ्या मतलई वाऱ्याला शिव्या घालणारं आमचं एकच घर होतं.

पारडी दुपारी झाली. जाऊबाईंनी तिच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, म्हशीला चाटू दिलं, आणि मग आम्ही दोघींनी कोरड्या पेंढ्यानं आणि गोणपाटानं तिचं अंग चोळून चोळून कोरडं केलं. म्हशीच्या पिल्लाच्या अंगावर केस विरळ, चरबी नावाला. ओली राहिली की थंडी थेट आत शिरते. आमच्याकडे तेव्हा जार (वार) पडेपर्यंत पिल्लाला चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, पाजायचा नाही असा रिवाज होता. आधीच्या दोन्ही वेळी तो पाळला होता. या वेळी जाऊबाई म्हणाल्या, "थांबून दोन घालवली. आता थांबायचं नाय." आणि पारडी पायावर लटपटत उभी राहताच त्यांनी तिचं तोंड सडाला लावलं.

दुसरा रिवाज त्याहून अवघड होता. म्हैस व्याली की वाडीत चीक वाटायचा. समोरच्या काकी तांब्या घेऊन आल्याच.

"चीक काढलास ना गो? नातू खरवस खरवस करून रडतोय."

"काकी, उद्या या," जाऊबाई म्हणाल्या. "आज सगळा पारडीचा."

"सगळा? एवढंसं पारडू नि सगळा?"

"थंडी किती पडलीय बघताय ना. तिचं पोट भरलं तर तिला ऊब."

काकींनी तांब्या कमरेवर ठेवला. "मग स्वेटर पण विण की तिला. तुझी जाऊ शिकलेली हाय, तिला सांग. इंग्रजी फॅशनचा विणेल!"

काकी रिकामा तांब्या घेऊन गेल्या. पण स्वेटर हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. घरात शिवणयंत्र होतं. कोंड्याचं रिकामं पोतं मी उसवून धुतलं, उन्हात कडकडीत वाळवलं आणि आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. छातीवर एक आणि पोटाखाली दोन बंद, झाली पारडीची झूल. जाऊबाईंनी झूल पारडीच्या पाठीवर टाकून बघितली आणि मागचा काठ बोटानं मोडला. "इथं आखूड कर. मादी आहे, मागं मुतेल. भिजलेलं पोतं घालण्यापेक्षा उघडी बरी." मी काठ कापला. मग दुसरीही झूल शिवली, म्हणजे एक अंगावर आणि एक वाळत.

गोठ्याची जमीन चिऱ्याची, पहाटे ती पायाला बर्फासारखी लागायची. जाऊबाईंनी कोपऱ्यात रानातला सुका पातेरा, म्हणजे गळलेला पाला, अंथरला आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचा असा ढीग घातला की पारडी बसली की तिचे पाय दिसेनासे व्हायचे. रोज सकाळी ओलं तेवढं उचलून उकिरड्यावर आणि वर नवा पेंढा. ऊन घरापुढच्या खळ्यात उतरलं की झूल काढून पारडीला उन्हात बांधायची, आणि ऊन कलायच्या आधी आत घ्यायची. दोन वेळांऐवजी तिला तीन वेळा प्यायला सोडायची, आणि एक सड पूर्ण तिचाच. त्यामुळे आबांच्या वाट्याला कोरा चहा आला. "या घरात म्हाताऱ्याला कोणी झूल शिवत नाय," असं ते पेल्यात बघत म्हणायचे. म्हशीला संध्याकाळी शिजवलेले कुळीथ, पेंड आणि कोमट पाणी, रात्रीला दावणीत भरपूर पेंढा.

सगळं मनासारखं चाललं होतं. मग थंडी आणखी वाढली, आणि आबांनी माळ्यावरून झापं उतरवली.

झापं म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले पडदे. पावसाची झड आत येऊ नये म्हणून आम्ही ते पावसाळ्याआधी बांधायचो आणि दसऱ्याच्या सुमाराला सोडायचो. आबांची बांधणी गावात नावाजलेली. पौषात झापं बांधताना बघून रस्त्यावरून जाणारे विचारायचे, "काय आबा, पाऊस येतोय काय?" आबा वर न बघता म्हणायचे, "येणार हाय. तुझ्या घरावर पहिला." त्यांनी गोठ्याच्या तिन्ही उघड्या बाजू जमिनीपासून कौलांपर्यंत बंद केल्या. वाऱ्याला बोटभर फट ठेवली नाही.

सकाळी मी एक झाप उचललं आणि डोळे चुरचुरले. आतली हवा कोंदट, मुताच्या वासानं जड. कौलांच्या आतल्या बाजूनं थेंब ठिबकत होते. पेंढा दमट, झूल दमट, आणि पारडी मान खाली घालून उभी. ती खोकली.

जाऊबाईंनी तिचे कान हातात धरले. गार होते. "मागच्या दोघांचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या, आणि तशाच वळून पडवीत आबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आबा, झापं वरून सोडा."

"का? वाऱ्याला वाट ठेवू?"

"वाट ठेवाच. खालून नको, वरून. आत भिजलंय सगळं."

"भिजेल कसं? माझ्या बांधणीतून थेंब आत येत नाय!"

"आतला बाहेरही जात नाय," जाऊबाई म्हणाल्या. "जनावरांचा श्वास, मूत, सगळं आत कोंडलंय. पावसाळ्यात तुम्ही फक्त पश्चिमेची बाजू बांधता. पूर्व उघडी असते. आता तिन्ही बांधलीत."

आबांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ते गोठ्याकडे गेले, आत डोकं घातलं, डोळे पुसत बाहेर आले आणि कोयता मागितला. झापांच्या वरच्या गाठी त्यांनी स्वतः कापल्या. कौलांखाली वीतभर मोकळी जागा राहिली. खालचा भाग तसाच, म्हणजे वारा पारडीच्या अंगावरून न जाता तिच्या डोक्यावरून जाईल. "गाठ चांगलीच बसली होती," एवढंच ते पुटपुटले.

आम्ही झूल सोडली, पारडीला कोरडं चोळलं, दुसरी झूल घातली आणि तिला उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला नेलं. सगळा पेंढा काढून पातेऱ्यापासून नवं अंथरूण केलं. ती आधी प्यायलाच तयार होईना. जाऊबाई तिची मान मांडीशी धरून बसल्या, बोटाला दूध लावून तिला चोखायला दिलं, आणि मग तिनं सड धरला. लांज्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी छाती ऐकली, औषध दिलं आणि वरच्या फटीकडे बघून म्हणाले, "ही बुजवू नका." जाऊबाईंनी फक्त आबांकडे बघितलं. आबा मोहोराकडे बघत होते.

दुसऱ्या सकाळी कौलं कोरडी होती. झुलीखाली हात घातला तर ऊब लागली. खोकला आधी कमी झाला, मग नाहीसा झाला. थंडी पुढे बरेच दिवस टिकली, पण पारडीनं तिला दाद दिली नाही. महाशिवरात्रीला ती खळ्यात सुटली ती शेपटी उभारून उधळली, माझी वाळत घातलेली झूल शिंगांशिवायच्या डोक्यावर घेऊन तुळशीभोवती पळाली. वाडी बघायला जमली. म्हैस दावणीत शांतपणे रवंथ करत होती, आणि त्या दिवशी आबांना दुधाचा चहा मिळाला.

गर्दीत समोरच्या काकीही होत्या. त्यांची म्हैस आठवड्यापूर्वीच व्यायली होती, आणि पहाटेचा गारठा अजून सरला नव्हता. त्या माझ्याजवळ सरकल्या.

"काय गो, एक पोतं आणलंय घरून."

"कशाला काकी?"

"आता तूच समजून घे की. स्वेटर गो!"

जाऊबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की पारडी जागीच थबकली. मग त्या काकींना म्हणाल्या, "पोतं ठेवा. पण आधी सांगा, चीक कोणाला पाजलात?"

"पारडीला," काकी म्हणाल्या. "नातवाला उरलेल्याचा खरवस."

त्या थंडीत मी वाडीतल्या प्रत्येक पारडासाठी झूल शिवली. म्हैस घाटावर परत गेली नाही, आणि गोठ्याला पारडू लाभत नाही असं पुन्हा कोणी म्हणालं नाही. तुमच्या मोठ्या आजीच्या वडिलांना ती पारडी बघायला बोलावलं, तेव्हा आबांनी त्यांना आधी झापांची वरची फट दाखवली, जणू ती पहिल्यापासून त्यांचीच कल्पना होती. जाऊबाईंनी तेही चालवून घेतलं.

आबा आता नाहीत. ती पारडी मोठी झाली, अनेकदा व्यायली आणि म्हातारी होऊन गेली. तिच्या पोटची पिढी अजून आपल्या गोठ्यात आहे. झापांऐवजी आता प्लास्टिकची ताडपत्री लावतात, पण कौलांखाली वीतभर जागा सोडूनच. दोन झुलींपैकी एक कसरीनं खाल्ली. दुसरी गोठ्याच्या खुंटीवर आहे, आणि आज सकाळी ती नव्या पारडीच्या अंगावरून काढून मी उन्हात वाळत घातली.