अभ्र्यांचं बिल

हे सगळं काकूंमुळे निभावलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी गोष्ट सांगायला बसले की सगळी हुशारी नकळत माझ्या नावावर जमा होते, आणि काकू तेवढ्यावर टपलेल्याच असतात.

काकू म्हणजे आमच्या भक्तनिवासाच्या खजिनदार. जन्म काशीतल्या मंगला गौरीच्या गल्लीतला, नोकरी बँकेत, निवृत्ती झाली तरी नजर अजून कामावरच. मराठी बोलतात ती घरातली, मध्येमध्ये हिंदीचे तुकडे टाकलेली. मला ‘सूनबाई’ म्हणतात. त्यांची मी कोणी नाही. पण मी लग्न होऊन परभणीहून काशीला आले, नवरा रेल्वेत. म्हणून मी सगळ्या काशीची सूनबाई.

नववीत शाळा सुटली माझी. तरीही काकूंनी मला भक्तनिवासाच्या ऑफिसात बसवलं. काम असं : दूधवाला, गॅसवाला, लॉन्ड्रीवाला यांची बिलं तपासायची, कॉम्प्युटरवर चढवायची आणि बँकेच्या साइटवर पैसे पाठवायची तयारी करून ठेवायची. शेवटचं बटण मात्र काकूंच्या हातात. त्यांनी मंजूर म्हटल्याशिवाय एक रुपया हलत नाही. ही व्यवस्था मला फार आवडायची. चूक झाली तर ती अर्धीच माझी होते, असं मला वाटायचं.

भाद्रपदात यात्रेकरूंची नुसती रीघ. रामघाटाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि आमच्या गच्चीवर चादरींचे डोंगर. अशात लॉन्ड्रीचं बिल आलं. नेहमीसारखंच आलं, म्हणजे लॉन्ड्रीवाल्यानं आमच्या मॅनेजरांना व्हॉट्सअपवर पाठवलं आणि मॅनेजरांनी मला पुढे ढकललं. बिलाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : खाता बदल गया है, कृपया नए खाते में भुगतान करें. खाली नवा खाते क्रमांक आणि नवा मोबाइल नंबर.

मी घाबरट बाई. घाबरट माणूस चौकशी करतोच. मी लगेच त्या मोबाइलवर फोन लावला. समोरून एक गोड आवाज म्हणाला, “हाँ जी दीदी, खाता बदल गया है. आप आराम से भेज दीजिए.”

आराम वाटला. मी आरामात चढवून ठेवलं.

संध्याकाळी काकू आल्या. चष्मा पदराला पुसत त्यांनी विचारलं, “खातं बदललं म्हणतोय, तू पक्कं केलंस का?”

“केलं की काकू. फोन केला.”

“कुठल्या नंबरावर?”

“बिलावरच्या.”

काकूंनी कपाळावर हात मारला. “अगं, म्हणजे चोरालाच विचारलंस, बाबा रे, तू चोर आहेस का! आणि तो म्हणाला, नाही दीदी. आणि तू चढवलंस!”

“पण काकू, चोर कशावरून?”

“नसेलही. पण बिल बदलणारा फोन नंबर बदलायला विसरेल होय? आपल्याकडे आधीपासून जो नंबर आहे, त्यावर विचारायचं. नाहीतर चपला घालून स्वतः जायचं.” मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “दंड.”

काकूंचा दंड ठरलेला. माझी प्रत्येक चूक म्हणजे एक हुरडा. काकूंनी आयुष्यात हुरडा खाल्लेला नाही. काशीत जन्मलेल्या माणसाला शेतात शेकोटीपुढे बसून गरम कोवळी ज्वारी हातावर चोळून खायची म्हणजे काय, हे मी एकदा वर्णन करून सांगितलं आणि तेव्हापासून फसले.

मग आम्ही दोघी बिलावर वाकलो. क्रमांक होता ०११८. काकू म्हणाल्या, “श्रावणातलं काढ.” श्रावणातलं बिल ११८, पैसे दिलेले. पुढे एक शून्य लावलं, तारीख नवी टाकली की कॉम्प्युटर बिचारा दोन्ही वेगळी समजतो. तो हुबेहूब तेच अक्षर असेल तरच ओरडतो.

“आता आकडे बघ.”

चादर, गिलाफ, तौलिया, सगळं श्रावणातल्याइतकंच. फक्त खाली एक ओळ जास्त : अभ्रे. आणि त्यांचा आकडा चादरींच्या दुप्पट. बेरीज वाढलेली. कर मात्र होता तेवढाच, जुन्या रकमेवरचा.

“रक्कम फुगवली आणि कर फुगवायचा राहिला,” काकू हसल्या. “घाईत पोट वाढवलं आणि सदरा जुनाच राहिला की असं होतं.”

मी विचारलं, “पण काकू, अभ्रे म्हणजे काय? मला वाटलं बनारसी काहीतरी असेल.”

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण सांगितलं काही नाही. “उद्या लॉन्ड्रीवाल्याला विचार,” एवढंच. आणि पैसे काही मंजूर केले नाहीत.

सकाळी मी मुन्शी घाटाकडे गेले. लॉन्ड्रीवाला तोंडात पान भरून इस्त्री फिरवत होता. बिल दाखवलं.

“ई हमार बिल ना हौ,” तो म्हणाला. “हमार त १३१ नंबर हौ, परसों भेजे रहली मनीजर साहेब के. अउर खाता? खाता काहे बदलब, मेहरारू थोड़े हौ जे रूठ के नइहर चल जाई.” खातं म्हणजे काय रुसून माहेरी जाणारी बायको आहे, असा त्याचा सवाल.

“और ये अभ्रे?”

त्यानं पिंक टाकली. “ई का होला?”

“मुझे क्या पता! आपके बिल में है.”

“हमरे इहाँ चादर होला, गिलाफ होला, तौलिया होला. अभ्रा-वभ्रा हम ना जानीं. मराठी होई.”

“मराठी नहीं है,” मी ठणकावून सांगितलं. “मराठी तो मैं हूँ.”

असे आम्ही दोघं एका शब्दाकडे बघत उभे. तो म्हणतो तुमचा, मी म्हणते तुमचा. शेवटी त्यानं मला त्याचं खरं बिल दिलं, आमच्या गठ्ठ्यांबरोबर गेलेल्या चिठ्ठ्यांशी मोजून जुळवून. तंतोतंत जुळलं. खातंही जुनंच.

इथवर गंमत होती. पण परत आले तर मॅनेजर दारात. मॅनेजरही काशीचेच मराठी, मला वहिनी म्हणणारे. आवाज मात्र आज वेगळा. त्यांना कळलं होतं पैसे अडलेत.

“वहिनी, नवं खातं चढवलं कोणी? तुम्ही. मी फक्त आलेलं पुढे पाठवलं. आता उद्याच्या बैठकीत अध्यक्ष विचारतील. नववी शिकलेल्या बाईला असल्या जागी बसवलं, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.”

 एंट्रीवर खरंच माझंच नाव होतं. नोकरी जाणार, वर चोरटी म्हणून जाणार. मग नवऱ्याच्या रेल्वे कॉलनीत मी तोंड कुठे दाखवू? आणि परभणीला काय सांगू? त्यांना मी सांगून बसले होते की इथे मला मॅडम म्हणतात. (म्हणतात, पण फक्त गॅसवाला.)

काकूंकडे जाऊन रडले. काकू दोडके सोलत होत्या.

“रडून झालं की उशीची ती ही घेऊन ये,” त्या म्हणाल्या.

“कसली ही?”

“तीच गं, तू काय म्हणतेस तिला?”

“खोळ.”

“शाबास. ती घेऊन ये. आणि लॉन्ड्रीवाल्याला सांग, बैठकीला ये, चहा आहे.”

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. अध्यक्ष, काकू, मॅनेजर, मी आणि दाराशी पान न खाता अवघडून उभा लॉन्ड्रीवाला. मॅनेजर बोलायला सुरुवात करणार तोच काकूंनी पिशवीतून उशीची खोळ काढून झेंड्यासारखी वर धरली.

“आधी एक खेळ. सूनबाई, हे काय?”

“खोळ.”

“भैया, तुम बताओ.”

“गिलाफ, माताजी.”

काकू मॅनेजरांकडे वळल्या, अगदी सहज. “आणि तुझ्या घरी काय म्हणतात रे?”

“अभ्रा,” मॅनेजर म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

अध्यक्षांना काही कळेना. काकूंनी बिल त्यांच्यापुढे सरकवलं. “लॉन्ड्रीवाला गिलाफ म्हणतो, त्याचं गिलाफ बिलात आहेच. मग त्याच गिलाफांना दुसऱ्या ओळीत अभ्रे कोणी केलं? पूर्ण काशीत अभ्रा म्हणणारी आम्ही मूठभर जुनी मराठी घरं. माझंही त्यातलंच. म्हणजे चोर एकतर हा, नाहीतर मी.”

“काकू, एका शब्दावरून तुम्ही—” मॅनेजर उठले.

“बस. शब्दावरून माणूस धरायचा नसतो, एवढं मलाही समजतं. शब्दानं फक्त बघायचं कुठे ते सांगितलं.” काकूंनी मला खूण केली. “सूनबाई, बँकेची साइट उघड. नावाच्या जागी तू लॉन्ड्री लिहिलंस, पण पैसे नंबरावर जातात, नावावर नाही. खातं कोणाचं आहे ते विचार बँकेला.”

मी साइट उघडली. नंबर टाकला, खातेदाराचं नाव दाखवा यावर दाबलं. नाव आलं. लॉन्ड्रीचं नव्हतं.

मी वाचून दाखवलं. काकूंनी डोळे मिटले. “अरे रे. याच्या मुंजीत मी जेवले आहे. तुझा मेहुणा ना हा?”

उठलेले मॅनेजर खाली बसले. दाराशी लॉन्ड्रीवाला हळूच म्हणाला, “त अभ्रा मराठी निकलल!” आणि माझ्याकडे बघून जिंकल्यासारखा हसला. हे मात्र त्याचं बरोबर होतं.

मॅनेजरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जुनी बिलं अध्यक्षांनी बाहेरच्या हिशेबनीसाकडून तपासून घेतली. त्यात काय निघालं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लॉन्ड्रीवाल्याला त्याचे १३१ नंबरचे पैसे जुन्याच खात्यावर गेले. माझी नोकरी राहिली. आता बिलं थेट ऑफिसला येतात, आणि कोणी खातं बदलतो म्हणाला की मी फोन खाली ठेवते, जुन्या नंबरावर स्वतः लावते. गॅसवाला मागच्या महिन्यात यावरून चिडला. “मैडम, हम ही तो हैं!” म्हणाला. म्हटलं, असाल हो, पण तुमच्या जुन्या नंबरावर असा.

काकूंना मी विचारलं, इतकं केलंत माझ्यासाठी, कशी फेडू? त्या म्हणाल्या, “दंड तर भरलाच नाहीस अजून.”

हुरडा पाठवता येत नाही. दोन दिवसांच्या गाडीत तो हुरडा राहतच नाही, नुसती ज्वारी होते. म्हणून काकू, इथे लिहून ठेवते, खालच्या बर्थचं तिकीट माझ्याकडून. एका थंडीत तुम्हाला परभणीला नेईन, भावाच्या शेतात शेकोटीपुढे बसवीन, आणि पाठीला टेकायला उशी देईन. तिच्या खोळीला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.