लोकसंख्या विसरलेल्या नोट्स

मी शिरूरच्या कॉलेजात एम. ए.ला अर्थशास्त्र शिकवते. त्या वर्षीचा अंतर्गत परीक्षेचा पेपर आठवला की आजही माझं डोकं तापतं.

प्रश्न नेहमीचाच. माणूस दोन काळ जगतो. तरुणपणी मजुरी मिळवतो, काही खातो, काही मागे टाकतो; म्हातारपणी कमाई नाही, त्या बचतीवरच जगतो. हीच बचत पुढच्या तरुणांचं भांडवल होते. उपयोगिता, म्हणजे खाण्यातून मिळणारं समाधान, लॉगच्या सूत्रानं धरली की व्याजदर चढो नाहीतर उतरो, मजुरीतला ठरावीक वाटाच बाजूला पडतो. मग पिढ्यान् पिढ्या दर कामगारामागे भांडवल तेवढंच राहील, अशी स्थिर अवस्था काढायची. फक्त या वेळी प्रश्नात लिहिलं होतं, की दर पिढीत लोकसंख्या वाढते.

लोक वाढले तर तीच बचत जास्त हातांत वाटली जाणार, म्हणजे एक भागाकार जास्त. दौंडहून एस.टी.ने येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीनं तो केला. तिच्या शेवटच्या ओळीला लाल गोल आणि पुढे शून्य. तिच्या घरी ठरलेलं होतं, पंचावन्न टक्के पडले तर प्राध्यापकीसाठी सेटची परीक्षा, नाहीतर रांजणगावला कंपनीत कामाला.

पेपर विभागप्रमुखांनी तपासला होता. ते फक्त शेवटची ओळ बघतात आणि ती आपल्या नोट्सशी ताडतात. त्या नोट्समध्ये लोकसंख्या वाढतच नाही. प्रश्न त्यांनीच नवा घातला, नोट्स जुन्याच ठेवल्या.

मी तिला घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि फळ्यावर सगळं सोडवून दाखवलं. सरांनी आपल्या नोट्स काढून ओळ न् ओळ ताडली.

"मॅडम, बरोबर आहे हो," ते म्हणाले. "भागाकार राहिलाच. त्यामुळे माझ्या नोट्समध्ये भांडवल जास्त निघालं."

"मग तिचे मार्क द्या."

"हिचे दिले तर बाकीच्यांचे काढावे लागतील. सगळ्या वर्गानं माझंच लिहिलंय. पोरं दारात येऊन बसतील."

"बसू द्या! चूक तुमची, आन् भोगायचं हिनं?" रागात माझी भाषा गावाकडे वळते.

"आवाज खाली, मॅडम. तुमची नेमणूक तासिकेवरची आहे." त्यांनी स्वतःच डस्टर उचलून फळा पुसला.

बाहेर आलो. प्राचार्यांकडे जाऊ, अर्ज करू, असं काहीबाही मी बोलत होते. तिनं शांतपणे विचारलं, "मॅडम, फायनलचा पेपर बी सरच तपासणार हायेत ना?"

"हो."

"मग मी नोट्समधलंच लिहिते. मला कंपनीत न्हाई जायचं."