पुनवेला टाकलेलं खत

त्या जिवाणूंना आमच्या साहेबांनी आळशी म्हटलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात एका जहाजाच्या इंजिनाचं तेल येऊन लागलं होतं. वरवरचं लोकांनी फावड्यांनी काढलं. उरलं ते भरतीच्या वरच्या रेषेला, वाळूत मुरलेलं. नेमक्या त्याच पट्टीवर एक कोळीण मावशी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवायची. पावसाळ्यानंतर जवळा यायच्या आत पट्टी साफ व्हायला हवी होती, नाहीतर तिचं वर्ष बुडालं. परळच्या आमच्या प्रयोगशाळेतून मला पाठवलं ते एवढ्यासाठी.

साहेबांना वाटायचं, परदेशातून जिवाणूंची पावडर आणायची आणि शिंपडायची. अहो, कशाला? तेल खाणारे जिवाणू त्या वाळूत आधीपासून आहेत, तेल आल्यावर तर ते वाढलेलेही होते. मी तीन बरण्या लावल्या. तिन्हींत तीच तेलकट वाळू, रोज हलवून हवा दिलेली. एकीत काही नाही, दुसरीत विकतची पावडर, तिसरीत थोडा युरिया आणि फॉस्फेट. महिन्याभरात तिसरीतलं तेल चांगलंच घटलं. पहिल्या दोन जवळपास सारख्याच राहिल्या.

साहेबांना मी करी रोडच्या भाषेत समजावलं, कारण मी तिथलीच. टॉवरच्या खाली विटांचा ट्रक रिकामा केला आणि सिमेंटची गोणी एकच दिली, तर भिंत किती चढेल? तेल म्हणजे कार्बन, विटांचा ढीग. पण जिवाणूला आपलं अंग वाढवायला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो, आणि ते तेलात नसल्यातच जमा. ते द्या, बाकीचं तो बघेल.

साहेब म्हणाले, "ठीक, खत टाकू." मला वाटलं, जिंकले.

मी मावशीला सांगायला गेले. ती होडीच्या सावलीत जाळं शिवत होती. म्हणाली, "पोरी, उधानाला नको टाकू. पानी पार वर येतं, सगला घेऊन जाईल. भांगाला टाक, अष्टमी-नवमीला. तवा पानी त्या पट्टीला शिवत नाय."

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. खत पाण्यात विरघळतं. ते वाळूतल्या पाण्यात काही दिवस टिकलं तरच जिवाणूंच्या तोंडी लागणार. मी तारीख लिहून दिली, गोकुळाष्टमीनंतरचा दिवस.

साहेबांनी ती खोडली. "छे, छे! नारळी पौर्णिमेला करू. कोळी बांधवांचा सण, पाहुणे येतील, सोन्याचा नारळ, फोटो! गोकुळाष्टमीच्या आसपास सगळे दहीहंडीत, येणार कोण?"

मी म्हटलं, "सर, पौर्णिमेला उधाण असतं."

"अहो मॅडम, आठवडाभर आधी टाकलं तर काय आभाळ कोसळणार आहे? सही करा."

समुद्राची पूजा समुद्राला न विचारता! पाहुणे आले, बँड वाजला, हार पडले, आणि ओहोटीला सगळ्या गोण्या त्या पट्टीवर उधळल्या. मावशी मागे उभी होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. मग भरती आली, दुसऱ्या दिवशी आणखी वर आली. चार दिवसांनी मी वाळूतलं पाणी तपासलं. नायट्रोजन होता तेवढाच, खत टाकायच्या आधीइतका.

अष्टमीसाठी मी पुन्हा खत मागितलं. कागद परत आला. वर शेरा होता: स्थानिक जिवाणू आळशी, पावडर मागवावी. आळशी! उपाशी ठेवायचं आणि वर नावं ठेवायची! गिरणगावात बेकार कामगारांबद्दल हेच ऐकत मी मोठी झाले, म्हणून जास्तच झोंबलं. मी भांडले. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पावडरही आली नाही.

दसऱ्यानंतर मावशी प्रयोगशाळेत आली. पिशवीतून मूठभर जवळा काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला. त्याच तेलाचा भपकारा आला. दादरच्या व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला होता.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला म्हायत होतं ना, ती पुनव हाय म्हणून?"

"हो, मावशी. मी साहेबांना सांगितलं होतं."

"तोंडानं सांगितलं," ती म्हणाली. "कागदावर काय लिवलंस?"

कागदावर पौर्णिमेची तारीख होती आणि तिच्याखाली माझी सही. मी तिला तो कागद दाखवला नाही.