सव्वा सीओपीचं यंत्र

शेड माझ्या भागीदाराची होती, गणित माझं. त्याचं घराणं इथलं जुनं शेतकरी. जमीन जाऊन भाड्याच्या शेड उरल्या होत्या. मी लातूरकडून आलेला, संत तुकाराम नगरात भाड्याने राहणारा. चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना यंत्रं बनवून द्यायची, असं ठरवून दोघांनी नोकरी सोडली. त्याच्यामागे भाड्याचं उत्पन्न होतं. माझ्यामागे काही नव्हतं.

पहिलं यंत्र शीतकरण चक्र दाखवणारं होतं. घरगुती फ्रिजचा छोटा कॉम्प्रेसर, मागे कंडेन्सर आणि पंखा, पुढे बारीक केशनळी आणि दहा लिटर पाण्याच्या टाकीत बुडवलेली थंड होणारी कॉइल. दाबाची दोन घड्याळं, चार ठिकाणी तापमापक आणि विजेचा मीटर. पाण्यातून काढलेल्या उष्णतेला कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेने भागलं की सीओपी निघतो. तो जितका मोठा, तितकं यंत्र कमी विजेत जास्त थंडावा देतं.

शेडमध्ये चाचणी घेतली. घड्याळांवर एक बार आणि अकरा बार. त्यात हवेचा एक बार मिळवून तक्त्यावर चक्र काढलं, तर सैद्धांतिक सीओपी साडेतीनच्या आसपास आला. प्रत्यक्षात पंधरा मिनिटांत पाणी चार अंशांनी उतरलं आणि सीओपी निघाला १.२९.

तो हसला. "एवढ्या खटाटोपाला सव्वा? भावा, आमच्या म्हशीचा यापेक्षा जास्त आसल."

मी त्याला समजावलं. छोटा कॉम्प्रेसर स्वतः तापतो, त्याची मोटर वीज खाते, टाकीत बाहेरची उष्णता शिरते. साडेतीन आणि सव्वा यांच्यातलं अंतर विद्यार्थ्यांनी पाहावं, यासाठीच हे यंत्र आहे. दुसऱ्या एका पुरवठादाराच्या यंत्रावर दोनच्या वर येतो, हे त्याने दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाला, "व्हय, तू म्हणशील तसं."

ताथवड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी यंत्र समोर चालवून दाखवायला सांगितलं होतं. आकडे पटले तर हे यंत्र घेणार होत्या आणि पुढची कामंही आम्हालाच देणार होत्या. त्या कामांवर आमची शेड चालणार होती.

तिथेही नेहमीप्रमाणे मी आकडे वाचत गेलो आणि फळ्यावर लिहीत गेलो. दाब तेच. तापमानं जवळपास तीच. पाणी पुन्हा चार अंशांनी उतरलं. मीटरचा दिवा दहा वेळा लुकलुकायला अठ्ठ्याहत्तर सेकंद लागले. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवर छापलेलं असतं. तिथला आकडा वाचला, सूत्रात घातला. वीज बहात्तर वॉट. सीओपी २.५८.

शेडमधल्या सव्वाचा इथे अडीच कसा झाला, ते मी पुन्हा तपासायला लागलो. तेवढ्यात मॅडमनी कपाटातून सॉकेटला लावायचा वॉटमीटर काढून आमच्या प्लगमध्ये अडकवला. त्यावर एकशे चव्वेचाळीस दिसलं.

"तुमच्या दुप्पट," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर दुप्पट."

मी मीटरजवळ वाकलो. मी बसवला तेव्हा त्यावर ३२०० होतं. आता ६४०० होतं. चंदेरी पट्टी होती, कडा नीट कापलेल्या, अक्षरं मूळ छपाईसारखीच. सूत्रात दुप्पट आकडा गेला की वीज निम्मी येते आणि सीओपी दुप्पट होतो. नखाने पट्टी उचलली, तर खाली जुना आकडा होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

तो मॅडमकडे पाहत होता. "मीटर ह्यानंच बसिवलाय, म्याडम. त्यातलं आमाला काय कळत न्हाई. आमी फकस्त शेड दिली."

पट्टी माझी नाही, असं मी सांगितलं. मॅडमनी आवाज चढवला नाही. कोणी केलं हे ठरवत बसणं आपलं काम नाही, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला सव्वाही चालला असता. आता तुमचा कुठलाच आकडा मला घेता येणार नाही."

यंत्र परत टेम्पोत चढवलं. तो चालवत होता. पट्टी कधी लावली ते मी विचारलं. आदल्या दिवशी, मी जेवायला गेलो तेव्हा, असं त्याने सरळ सांगितलं. मला का सांगितलं नाही, हेही विचारलं.

"तुला सांगितलं आसतं तर तुला वाचताच आलं नसतं," तो म्हणाला. "खोटं बोलताना तू आडकतोस, राव. म्याडमचा इश्वास तुझ्या वाचण्यावर हुता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. कामाची वाटणी सांगावी तसं त्याने सांगितलं. माझं खरं बोलणं त्याने यंत्राच्या इतर भागांसारखंच धरलं होतं, आणि मला न विचारता बसवलं होतं.

मी टेम्पो थांबवायला सांगितला. तो लगेच थांबला. "उद्या येतोस ना? दुसरं कॉलेज बगू," तो म्हणाला.

मी उतरलो. महिनाभराने चाकणमध्ये दुसऱ्या एका कंपनीत शिफ्ट धरली, आधीपेक्षा कमी पगारावर. तो यंत्रं विकतो, असं कानावर येतं. त्यांवरचे आकडे हल्ली कोण वाचून दाखवतं, ते मला माहीत नाही.